अडीच मीटर कापड कमी का पडतं? पन्हा, वजन, कट आणि आटण्याचा हिशोब

"अडीच मीटर घेतलंय की अक्का, मग कमी कसं पडुलंय?"

खानापूरची एक मुलगी गेल्या पावसाळ्यात हे विचारत माझ्या मशीनसमोर उभी होती. मी बेळगावात शहापूरला शिवणकाम करते. तिनं फोनवर फोटो बघून छापील रेयॉन मागवलं होतं. विकणाऱ्यानं सगळं लिहिलेलं होतं: पन्हा ४४ इंच, वजन १४०, कट अडीच मीटर. कुर्ता तिला ४४ इंच लांबीचा हवा होता, छाती ४०, बाह्या पाऊण. मी कापड रात्रभर भिजवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली आणि टेबलावर पसरून मोजलं. ते भरलं दोन मीटर तीस सेंटिमीटर.

विकणाऱ्यानं फसवलं असं तिला वाटलं. भिजवायच्या आधी मी कापड मोजून ठेवलं होतं, म्हणून मला माहीत होतं की त्यानं अडीच मीटर दिलं होतं, पन्हाही ४४ होता. फक्त आटणं किती ते त्यानं लिहिलं नव्हतं, आणि ते नसेल तर बाकीच्या तीन आकड्यांवरून कुर्ता होईल की नाही हे कळत नाही. हे चार आकडे मिळून एकच हिशोब आहे. तो हिशोब याच कापडावर करून दाखवते.

आधी पन्हा. पन्हा म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची कापडाची रुंदी. आपल्या बाजारात पुष्कळजण पन्ना म्हणतात, तोच हा. ड्रेसच्या कापडात मुख्यतः तीन पन्हे भेटतात: ३६ इंच, ४४ इंच आणि ५८ इंच. मीटरचा भाव बघताना पन्हा बघितला नाही तर भावाला काही अर्थ राहत नाही, कारण मीटर फक्त लांबी मोजतो.

त्या मुलीच्या कुर्त्याचं बघा. छाती ४० म्हणजे पुढच्या भागाला २० इंच, त्यात दोन इंच सैलपणा आणि दोन इंच शिवणीची माया, झाले २४. खाली घेराला थोडं वाढवून एक भाग २७ इंच रुंद धरायचा. लांबी ४४, त्यात खालच्या दुमडीला दीड इंच आणि खांद्याच्या शिवणीला एक इंच धरून साडेशेहेचाळीस. असे दोन भाग, पुढचा आणि मागचा. शिवाय दोन बाह्या, प्रत्येकी १५ इंच रुंद आणि १८ इंच लांब.

४४ इंची पन्ह्यात काठाचा दोन्ही बाजूंनी मिळून एक इंच सोडला की ४३ उरतात. काठ घट्ट विणलेला असतो, त्याला सुया टोचल्याची भोकं असतात, तो कुर्त्यात घ्यायचा नसतो. त्या ४३ मध्ये २७ चे दोन भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून एकाखाली एक मांडावे लागतात. लांबी लागते ९३ इंच, म्हणजे २.३६ मीटर. बाजूला १६ इंचांची लांबच लांब पट्टी उरते आणि १५ इंची बाह्या त्यातच निघतात. अडीच मीटर म्हणजे साधारण ९८ इंच. कागदावर पाच इंच शिल्लक राहतात.

तोच कुर्ता ३६ इंची पन्ह्यात काढला तर बाजूला आठच इंच उरतात. तिथं बाही बसत नाही. बाह्यांसाठी खाली आणखी १८ इंच घ्यावे लागतात आणि कापड लागतं २.८२ मीटर. ५८ इंची पन्ह्यात पुढचा-मागचा भाग शेजारी-शेजारी बसतो, त्याखाली दोन्ही बाह्या. काम १.६४ मीटरमध्ये होतं.

आता भाव लावून बघा. ३६ इंची कापड १०० रुपये मीटर, ४४ इंची १२० आणि ५८ इंची १७० आहे असं धरूया. मीटरच्या भावात ५८ इंची सगळ्यात महाग दिसतं. कुर्त्याला मात्र पहिल्याचे २८२, दुसऱ्याचे २८३ आणि तिसऱ्याचे २७९ रुपये होतात. म्हणजे सारखेच. दुकानात दोन ताग्यांमध्ये मन अडकलं की मीटरचा भाव बाजूला ठेवा आणि "ह्या पन्ह्यात माझा कुर्ता किती कापडात होईल?" एवढं विचारा. अंगानं भरलेल्या बाईला तर पन्ह्याचा फरक आणखी जाणवतो.

पन्ह्यातली एक अडचण आपल्याकडं खास आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आजकाल कुर्त्यासाठी फार मागतात. खण मुळात चोळीसाठी विणलेलं कापड, त्यामुळे पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद. माझ्याकडं येणारे बहुतेक ३१ ते ३३ इंचांचे असतात. आता कुर्त्यासाठी म्हणून रुंद पन्ह्याचं खणासारखं कापडही मिळतं. अरुंद खणात लांबी तर जास्त लागतेच, पण खरी गाठ काठाची आहे. खणाचा काठ कापडाच्या लांबीच्या दिशेनं धावतो. तो कुर्त्याच्या घेराला खाली यावा असं वाटत असेल तर कापड आडवं फिरवून कापावं लागतं, आणि मग पन्हा हीच कुर्त्याची लांबी होते. ३२ इंची पन्ह्यातून ४४ इंची कुर्ता आडवा कसा निघणार? कमरेला जोड द्यावा लागतो, नाहीतर काठ वेगळा कापून खाली लावावा लागतो. मीटरवर खण घेण्याआधीच शिंप्याला हे विचारून घ्या.

आता वजन. त्या जाहिरातीत "वजन १४०" एवढंच होतं. तिनं ते १४० जीएसएम असं वाचलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मीही आधी तसंच समजले. मग भिजवायच्या आधी मी कापड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, ते भरलं ३५० ग्रॅम. अडीच मीटर लांब आणि १.१२ मीटर रुंद म्हणजे २.८ चौरस मीटर कापड. ३५० भागिले २.८, उत्तर १२५. मग १४० कुठून आले?

रेयॉनच्या धंद्यात "चौदा किलोचं रेयॉन" असा शब्द आहे. शंभर मीटर कापडाचं वजन चौदा किलो, असा त्याचा अर्थ. म्हणजे एका मीटरला १४० ग्रॅम. पण हा मीटर लांबीचा आहे, त्यात पन्हा जेवढा असेल तेवढा सगळा आला. ४४ इंची पन्ह्यात लांबीचा एक मीटर म्हणजे १.१२ चौरस मीटर, म्हणून १४० भागिले १.१२, पुन्हा १२५. विकणाऱ्याचा आकडा खरा होता. तो कशावरचा आहे, एवढंच त्यानं लिहिलं नव्हतं. ५८ इंची पन्ह्याचं कापड असंच मीटरला १४० ग्रॅम भरलं, तर ते चौरस मीटरला ९५ च्या आसपास येईल, म्हणजे बरंच विरळ. म्हणून वजन विचारताना "चौरस मीटरचं की लांबीच्या मीटरचं?" हा प्रश्न सोडू नका.

जीएसएमवरून कापड अंगावर कसं बसेल याचा अंदाज येतो. साठ-सत्तरचं मलमल ओढणीला छान, कुर्त्याला आतून अस्तर लागणार. शंभर ते सव्वाशेचं सुती कापड कुर्त्याला बहुतेक वेळा चालतं, फिकट रंगात थोडं पारदर्शक दिसू शकतं. सलवारीला किंवा पँटला दीडशेच्या पुढचं बरं. सुती कापडाच्या वजनात मात्र खळ लपलेली असू शकते. विरळ कापडाला खळ चढवली की ते हाताला भरीव आणि कडक लागतं, आणि पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर जाते. बोटांत कापड चोळून बघा, पांढरी भुकटी झडली तर खळ आहे. घरात आयोडीन असेल तर कापडाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाका. पिठाची खळ असेल तर डाग निळा-काळा होतो. सगळ्यात पक्कं म्हणजे तुकडा धुण्याआधी आणि धुवून पूर्ण वाळल्यावर वजन करणं. पावसाळ्यात मात्र दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून कोणाशी भांडू नका. रेयॉन आणि सूत हवेतला ओलावा शोषतात, आणि खानापूरकडच्या जुलैच्या हवेत कापड कोरडं म्हणून ठेवलं तरी ओलसरच असतं.

कट म्हणजे तुम्हाला तोडून दिलेली लांबी. संचात बहुधा टॉपला अडीच मीटर, बॉटमला दोन आणि ओढणीला सव्वादोन असे आकडे असतात. इथं तीन ठिकाणी कापड हरवतं. पहिलं ठिकाण म्हणजे वार. जुन्या दुकानात आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अजून वार आहे, आणि नऊवारी हा शब्द तर जायचा नाही. वार म्हणजे ३६ इंच, ९१.४४ सेंटिमीटर. अडीच वार म्हणजे सव्वादोन मीटर आणि वर तीन-चार सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटरपेक्षा साडेआठ इंच कमी. २००९ च्या वैध मापन कायद्यानं विक्रीचं माप मीटरमध्येच सांगायचं आहे. भाव वारावर सांगितला तर तिथंच थांबवा आणि मीटरवर बोला.

दुसरं ठिकाण ओढून मोजण्याचं. रेयॉनसारखं लुसलुशीत कापड गजावर ताणून धरलं तर मीटरमागं एक-दोन सेंटिमीटर सहज लांबतं आणि सोडलं की परत जातं. मोजणारा मुद्दाम करतो असं नाही, तागा उलगडताना कापड ताणलं जातंच. म्हणून घरी आणल्यावर कापड घडी मोडून रात्रभर सैल पसरा आणि सकाळी न ओढता मोजा. तिसरं ठिकाण टोकांचं. सुती कापड फाडून देतात, ते आडव्या धाग्याबरोबर सरळ फाटतं. रेयॉन कात्रीनं कापतात, आणि कात्री तिरकी गेली की एका काठाला अडीच मीटर आणि दुसऱ्या काठाला दोन मीटर चव्वेचाळीस असं होतं. शिंप्याला उपयोगाची ती लहान लांबी. टोकाला आडवा एक धागा ओढून काढा. तो सरकला की जी रेघ उमटते ती कापडाची खरी आडवी रेषा, आणि तिथून मोजायचं.

आता राहिलं आटणं. त्या मुलीचं कापड आटलं कशामुळं? मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे खेचून ताठ बांधलेले असतात. त्यात बाणा आडवा भरला जातो. नंतर धुलाई, रंग, छपाई, वाळवण, प्रत्येक यंत्रातून कापड लांबीच्या दिशेनं ओढलं जातं. ओढलेलंच ते वाळतं आणि तसंच ताग्यावर गुंडाळलं जातं. घरी पाण्यात पडलं की धागा फुगतो. फुगलेल्या बाण्याला वळसा घालून जायला ताण्याला जास्त लांबी लागते, म्हणून ताणा आत ओढला जातो आणि कापड आखडतं. यंत्रांनी ओढलेलं ते पाण्यानं परत घेतलं, असं समजा. म्हणून साधारणपणे लांबीत जास्त आटतं, रुंदीत कमी. रेयॉनचा तंतू पाण्यात सुतापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे तो आटण्यात पुढं असतो. नुसतं पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, ते फारसं आटत नाही.

गिरणीत यावर उपाय आहे. ओलसर कापड रबरी पट्ट्यावर दाबून आधीच लांबीत आखडून घेतात. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसानं ही पद्धत काढली आणि १९३० मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याच्याच नावावरून "सॅनफराइज्ड" हा शब्द आला. असं कापड घरी एखादा टक्काच आटतं. शर्टिंगमध्ये हा शिक्का पाहायला मिळतो. मीटरवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त छापील रेयॉनवर तो धरून चालू नका.

किती आटेल ते शिवण्याआधी घरी काढता येतं. कापडाच्या एका टोकाला, काठापासून वीतभर आत, पक्क्या बॉलपेननं बारीक ठिपके देऊन ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. नंतर तुम्ही जसे कपडे धुता तसंच ते धुवा. गार पाण्यात धुणार असाल तर गार, मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्ये. रेयॉन ओलं असताना दोरीला लटकवू नका, पाण्याच्या वजनानं ते खाली लांबतं आणि मग माप खोटं येतं. आडवं पसरून वाळवा, इस्त्री दाबून ठेवा, ढकलू नका. मग ठिपक्यांतलं अंतर मोजा. त्या मुलीच्या कापडात उभं अंतर ५० चं ४६ झालं होतं आणि आडवं साडेअठ्ठेचाळीस. लांबीत ४ सेंटिमीटर कमी, ५० ला ४ म्हणजे शंभराला ८ टक्के. रुंदीत दीड सेंटिमीटर, म्हणजे ३ टक्के. चौकोन लहान घेतला तर मिलिमीटरची चूकही टक्क्यात मोठी दिसते, म्हणून ५० चा घ्या. एका धुण्यात बहुतेक आटणं होऊन जातं, पण रेयॉन दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही थोडं आटतं. जमलं तर दोनदा भिजवा.

आता हिशोब जुळवूया. अडीच मीटरमधून ८ टक्के गेले, उरले २.३० मीटर, म्हणजे साडेनव्वद इंच. लागणार होते ९३. अडीच इंच कमी. पन्हा ४४ चा पावणेत्रेचाळीसच्या खाली आला, काठ सोडून साधारण पावणेबेचाळीस उरले, त्यातून २७ चा भाग काढला तर बाहीला पावणेपंधराही पुरते नाहीत. सगळीकडून थोडंथोडं कमी. कोणीही लबाडी केली नव्हती.

याच हिशोबात एक आणखी गोष्ट दिसली. धुवून वाळल्यावर त्याच कापडाचं वजन पुन्हा काढलं तर चौरस मीटरला बरोबर १४० च्या आसपास आलं. धागा तेवढाच होता, फक्त तो लहान जागेत आला होता. आटलेलं कापड हाताला दाट लागतं ते यामुळंच. एखादं कापड धुतल्यावर "भरीव झालं" असं वाटलं तर ते किती आखडलं ते मोजून बघा.

किती कापड मागवायचं ते यावरून उलटं काढता येतं. लागणारी लांबी २.३६ मीटर. ८ टक्के आटणार म्हणजे मीटरमागं ९२ सेंटिमीटर हाती राहणार, म्हणून २.३६ ला ०.९२ नं भागायचं. उत्तर येतं २.५७. टोकं सरळ करण्यात जाणारे पाच-सात सेंटिमीटर धरून २.६५ मीटर मागवायला हवं होतं. अडीच मीटरचा बांधलेला कट होता, म्हणून ते जमलं नाही. ताग्यातून तोडून घ्यायची सोय असेल तर हे पंधरा सेंटिमीटर तेवढे जास्त घ्या. १२० रुपये मीटरच्या कापडात ते अठरा रुपये होतात.

भिजवण्याच्या बाबतीत दोन ठिकाणी सावध राहा. खणात आणि तशा मिश्र कापडात ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असू शकतो. दोन्ही सारखे आटत नाहीत, मग कापडावर बारीक सुरकुत्या धरतात, शिवाय रंगही सुटू शकतो. पूर्ण कापड बादलीत घालण्याआधी टोकाचा वीतभर तुकडा कापून भिजवून बघा. तो बिघडला तर कापड न भिजवता शिवा आणि नंतर बाहेर कोरडी धुलाई करून घ्या. दुसरं अस्तराचं. वरचं कापड पॉलिएस्टरचं आणि आत स्वस्त सुती अस्तर, असं फार शिवलं जातं. वरचं आटत नाही, अस्तर आटतं. पहिल्या धुण्यानंतर कुर्त्याच्या घेराला जो झोळ येतो तो शिवणीचा दोष असतो असं गिऱ्हाईक म्हणतं, खरं म्हणजे अस्तर वरच्या कापडाला आतून ओढत असतं. म्हणून माझ्याकडं अस्तर आधी भिजवल्याशिवाय कापत नाही.

विकणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की सगळं एका ओळीत लिहा. त्या कापडाची ओळ अशी असायला हवी होती: छापील रेयॉन, पन्हा ११२ सेंटिमीटर काठासकट, वापरण्याजोगा १०९, वजन १२५ जीएसएम, कट २.५० मीटर, गार पाण्यात लांबीत ८ टक्के आणि रुंदीत ३ टक्के आटतं. ही ओळ मिळवायला एकदा चौकोन आखून तागा तपासावा लागतो. नवा तागा आला की पुन्हा तपासायचं, कारण त्याच नावाचं कापड दुसऱ्या गिरणीतून आलं की आकडे बदलतात.

त्या मुलीचा कुर्ता शेवटी झाला. घेराला दीड इंच दुमड घेण्याऐवजी मी अर्धा इंच माया ठेवली आणि आतून दुसऱ्या कापडाची पट्टी लावली. एक इंच तिथं वाचला, राहिलेला पाव इंच लांबीतून गेला. बाह्या पाव इंचाहून किंचित जास्तच अरुंद केल्या. कुर्ता पावणेचव्वेचाळीस भरला. जाताना तिनं माझ्याकडनं वहीच्या कागदावर लिहून नेलं: पन्हा किती, वजन कशावरचं, कट किती, आटतं किती.